सफरचंद तांबूस का झाले?

मुलांनो, मी लहान असतानाची ही गोष्ट. रमजानमध्ये इफ्तारसाठी मी सफरचंदे फार लवकर कापून ठेवली. थोड्याच वेळात फोडी तांबूस झाल्या!

"नानी, महागाची फळे सडली!" मी रडवेला झालो.

नानीने एक फोड वरून पातळ तासली. आत ती पांढरीच होती.

"सडली असती तर आतूनही मऊ पडली असती, बेटा. हिला फक्त हवा लागली."

कारण मला पुढे शाळेत कळले. कापताना फळाच्या पेशी फुटतात. मग त्यांतले विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रसातल्या काही पदार्थांना तांबूस करते.

उरलेली सफरचंदे कापताच नानीने फोडींना लिंबू चोळले. आंबटपणाने विकर मंदावते, म्हणून त्या मगरिबच्या अजानपर्यंत पांढऱ्या राहिल्या.

तांबूस फोडी मात्र नानीने आणि मीच खाल्ल्या. गोडच होत्या!