नवकंकरी आणि मसूरची खिचडी

आमच्या डहाणू रोडला पाऊस धरला की गाड्या रखडतात. हे रोज पहाटेच्या लोकलनं मुंबईला जातात आणि रात्री जेवायला टेकतात. आमचं बोलणं म्हणजे डबा, लाइटबिल आणि मुलांची फी. म्हणून मागच्या पावसाळ्यात गाडी बंद पडून हे घरी राहिले, तेव्हा मी हौसेनं बिर्याणी करायला घेतली. तीन तास मी चुलीपाशी आणि हे मोबाइलपाशी. संध्याकाळी बिर्याणी छान झाली होती, पण एकत्र असं काही घडलंच नव्हतं.

यंदा तसाच दिवस आला, तेव्हा ठरवलं की स्वयंपाक असा हवा ज्याला थांबावं लागतं, आणि खेळ त्या थांबण्यात बसवायचा. अम्मी जोहर पढून आडव्या झाल्या, मुलं मामाकडे होती. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मसूर धुऊन अर्ध्या तासासाठी भिजत घातले. यांना मे महिन्यात भरून ठेवलेले सुके बोंबील दिले. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा हेच कामी येतात. आधी वाकवून बघायला सांगितलं. कडकन मोडला तर चांगला. नरम पडला असेल तर तव्यावर कोरडा भाजून घ्यायचा, पण बुरशी दिसली की सरळ टाकून द्यायचा. डोकं-शेपूट कापायचं काम यांच्याकडे.

कॅरम काढला, पण दमट हवेत पावडरीचे गोळे झाले आणि सोंगटी सरकेना. मग पुठ्ठ्यावर नवकंकरी आखली. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य रेषेनं जोडलेले. माझ्या नऊ चिकूच्या काळ्या बिया, यांचे नऊ पांढरे वाल. दिवे गेले तरी रंग ओळखू येतात. आळीपाळीनं सगळ्या मांडायच्या, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायच्या. तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरतील किंवा जो अडकेल, तो हरला.

मी कोपरे धरले. ह्यांनी मधल्या चौकोनाच्या बाजूंचे मध्य धरले. कोपऱ्यातून दोनच वाटा निघतात, तिथून चार. माझ्या बिया मांडून होईपर्यंतच मी कोंडले गेले होते.

"कोपरा धरून बसायची सवयच आहे तुला," हे हसून म्हणाले.

"बोलायला माणूसच घरी नसतं, तर काय करू?" मी म्हटलं.

हे गप्प झाले. मग म्हणाले, "गाडीत मला झोप येत नाही गं. तुला फोन करावासा वाटतो, पण तू झोपलेली असशील म्हणून करत नाही."

पहाटे डबा भरून दिल्यावर मी जागीच असते. हे यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग कांदा, लसूण, जिरं फोडणीला टाकलं, हळद-मीठ आणि चार वाट्या पाणी घातलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दुसरा डाव अर्ध्यावर आला. तो आम्ही तसाच ठेवला. पुठ्ठा अजून कपाटावर आहे, आणि पहाटे सव्वापाचला माझा फोन वाजतो.