चौथा रकाना

नववी संपली आणि आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो. दोन वर्षांनी जीसीएसई. इंग्रजी साहित्याच्या पेपरात पंधरा कवितांचा एक संच होता, विषय 'सत्ता आणि संघर्ष'. प्रश्नासोबत एक कविता छापून येते. तुलनेसाठी दुसरी आपण निवडायची आणि तिच्या ओळी आठवणीतून लिहायच्या.

पाठांतर माझ्या हातचा मळ होता. शीटमध्ये तीन रकाने केले: ओळ, विषय, अलंकार. पंधरा कविता, प्रत्येकी चार ओळी, म्हणजे साठ ओळी. महिनाभरात तोंडपाठ झाल्या. सराव परीक्षेत तीसपैकी अकरा मिळाले.

बाईंनी माझ्या एका वाक्याखाली रेघ मारली होती. ओवेनच्या 'एक्सपोजर'मधली ओळ देऊन मी लिहिलं होतं, 'इथे पुनरावृत्ती आहे.' समासात बाईंचा एकच प्रश्न होता: मग?

त्या 'मग?'चा मी चौथा रकाना केला. 'एक्सपोजर'मध्ये खंदकातले सैनिक थंडीत गारठलेत आणि काही कडव्यांच्या शेवटी तीच छोटीशी ओळ परत येते. लांब ओळींमधून ताण वाढत जातो, आता हल्ला होणार असं वाटतं आणि ती ओळ येऊन हवा काढून घेते. सैनिकांसारखंच आपणही नुसते ताटकळत बसतो. हे लिहिल्यावर पुनरावृत्ती हा शब्द लिहिला नाही तरी चालेल, असं पहिल्यांदा वाटलं.

हा रकाना भरताना कळलं, की निम्म्या ओळींपुढे मला काहीच लिहिता येत नाही. त्या मी गाळल्या. उरलेल्यांमधून तीन-चार शब्दांचे तुकडे ठेवले, कारण पूर्ण ओळ माझ्या वाक्यात नीट बसायची नाही. विषयाच्या रकान्यात एकाऐवजी दोन-तीन विषय आले आणि शेवटी 'जोडीदार' हा पाचवा रकाना. 'एक्सपोजर'चा जोडीदार शेलीची 'ओझिमँडियस'. तिथे वाळवंटात राजाचा मोडका पुतळा आहे, इथे बर्फात माणसं. दोन्हीकडे शेवटी निसर्गच वरचढ. पण शेली गर्विष्ठ राजाची खिल्ली उडवतो, तर ओवेनच्या सैनिकांनी कसलाच गर्व केलेला नसतो. तुलना या 'पण'पासून सुरू होते.

खऱ्या पेपरात हीच जोडी लिहिली. मधेच 'एक्सपोजर'मधले दोन शब्द आठवेनात. घाम फुटला. मग अवतरणचिन्हं न देता, त्या जागी कवितेत काय होतं ते सांगितलं आणि पुढे गेले. गुण देताना असा नेमका संदर्भही धरतात, हे बाईंनी सांगून ठेवलं होतं. शब्द विसरले होते, पण चौथा रकाना आठवत होता.

ती शीट अजून ड्राइव्हवर आहे. साठपैकी अठ्ठावीस ओळी उरल्यात.