हुकूम पुल्लिंगी, मग ‘अहकाम’ स्त्रीलिंगी कसे?

इतिहासाच्या वाचनात फारसी-अरबी शब्दांशी आपली गाठ रोजच पडते. आज त्यांतल्या एका लहानशा प्रत्ययाविषयी लिहितो आहे. मला तो फार आवडतो, आणि भाषांतरात तो पुष्कळदा दगा देतो.

बगदादचा न्यायपंडित अल्-मावर्दी इ. स. 1058 मध्ये वारला. खलिफा, वजीर, न्यायाधीश, करवसुली यांविषयीच्या त्याच्या ग्रंथाचे नाव ‘अल्-अहकाम अस्-सुल्तानिय्या’. आपला ‘हुकूम’ ज्या अरबी ‘हुक्म’पासून आला, त्याचेच ‘अहकाम’ हे अनेकवचन. येथे अर्थ राज्यकारभाराचे नियम. ‘हुक्म’ अरबीतही पुल्लिंगी आहे. एकच नियम असता तर ‘हुक्म सुल्तानी’ झाले असते. नियम अनेक झाले आणि विशेषण ‘सुल्तानिय्या’ झाले, म्हणजे स्त्रीलिंगी आणि तेही एकवचनी!

आता दुसरे परिचित नाव घ्या. पहिल्या चार खलिफांना ‘अल्-खुलफा अर्-राशिदून’ म्हणतात. ‘राशिद’ म्हणजे सन्मार्गावर असलेला. खलिफा अनेक, म्हणून ‘राशिदून’. येथे विशेषण निमूटपणे पुल्लिंगी अनेकवचनी झाले. दोन्ही नामे अनेकवचनी, दोन्ही एकवचनात पुरुषवाचक किंवा पुल्लिंगी. भेद एवढाच, की खलिफा माणसे आहेत आणि अहकाम माणसे नाहीत. मनुष्येतर वस्तू अनेक झाल्या की अरबी भाषा त्यांना जणू एका समूहात बांधते आणि त्या समूहाला ‘ती’ म्हणते. जुने अरबी वैयाकरण याची उपपत्ती ‘जमाआ’ या शब्दाने लावत. जमाआ म्हणजे समुदाय, आणि हा शब्द स्त्रीलिंगी. आपण नाही का, शिपाई हजारो असले तरी ‘फौज आली’ म्हणतो? मात्र मराठीत त्यासाठी ‘फौज’ हा शब्द उच्चारावा लागतो. अरबीत तो मनातच गृहीत असतो.

मराठी वाचकाला ही रीत वाटते तितकी परकी नाही. ‘ती नवी वही आली’ आणि ‘ती नवी पुस्तके आली’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. सर्वनाम, विशेषण, क्रियापद, सारे तंतोतंत एक! पण हे साम्य वरवरचे आहे. आपली जुनी छपाई ‘तीं नवीं पुस्तकें आलीं’ अशी अनुस्वार देऊन नपुंसकलिंगी अनेकवचन वेगळे दाखवत असे. अनुस्वार गेले आणि रूपे मिसळली. काळ बदलताच भेद उघडा पडतो: वही ‘येते’, पुस्तके ‘येतात’. अरबीत, नाम आधी आले तरी, ‘पुस्तके’ला क्रियापदही ‘येते’ असेच स्त्रीलिंगी एकवचनी लागते.

ही रीत आपल्या अभ्यासाच्या दारात येते ती फारसीतून. फारसीला व्याकरणिक लिंगच नाही. तरीही दरबारी मुनशी अरबी शब्दांची जोडी उचलताना तिचे व्याकरणही उचलत. मुघल फर्मानांत बादशाही मुलखासाठी ‘ममालिक-ए-महरूसा’ हा प्रयोग भेटतो. उस्मानी तुर्कांनी आणि इराणच्या काजारांनीही आपल्या राज्याला हेच शब्द लावले. ‘महरूस’ म्हणजे राखलेला, रक्षिलेला. ‘महरूसा’ हे त्याचे स्त्रीलिंगी एकवचन.

घोटाळा येथेच होतो. थोडीफार अरबी शिकलेला वाचक ‘महरूसा’ पाहतो, एकवचन ओळखतो आणि ‘सुरक्षित राज्य’ असे लिहून मोकळा होतो. त्यातून ‘मम्लका’ (राज्य) हे मूळ नाम स्वतःच स्त्रीलिंगी, त्यामुळे शंका घ्यायलाही जागा उरत नाही. परंतु मजकुरात ‘ममालिक’ आहे, म्हणजे अनेकवचन. फर्मान एका अखंड प्रदेशाविषयी नव्हे, बादशहाच्या छत्राखालच्या अनेक मुलखांविषयी बोलते आहे. सुभ्यासुभ्यांच्या अंमलदारांना उद्देशून निघालेल्या कागदात हा फरक क्षुल्लक नव्हे.

म्हणून वचन विशेषणावरून ठरवू नये, नामावरून ठरवावे. अरबी अनेकवचन बहुधा शब्दाच्या पोटात घडते: खबर-अखबार, वक्त-औकात, वलद-औलाद. (हो, आपली ‘औलाद’ मुळात अनेकवचनी आहे!) नामाचा साचा अनेकवचनाचा आणि ते माणसांचे नसेल, तर शेपटीचा ‘आ’ एकवचन सांगत नाही, तो केवळ जुळणी सांगतो.

नियम अगदी लोखंडी मात्र नाही. अभिजात अरबीत अशा नामांना अनेकवचनी विशेषणही चालते. ‘मोजके दिवस’ या अर्थाची एकच शब्दजोडी कुराणात एके ठिकाणी ‘मअदूदा’ अशी एकवचनी विशेषणासह येते आणि दुसरीकडे ‘मअदूदात’ अशी अनेकवचनी. पुढे गद्यात पहिली रीत रूढ झाली आणि मुनशींच्या लेखणीत तीच स्थिरावली.