शिरोरेषा कुठे तुटते

"याला चिखलात खेळवत बसता, त्यापेक्षा घरीच ठेवा." एका गुरुजींनी पोराच्या आईदेखत काढलेलं हे वाक्य मला अजून खुपतं.

पोरगा भामरागडकडचा, तिसरीतला. घरी माडिया, शाळेत मराठी. असं मूल अडखळलं की आधी संशय भाषेवर घ्यावा, आणि त्याच्या वर्गाच्या बाईंनी तो घेतलाही. पण वर्गातली इतर माडिया पोरं वाचू लागली होती. हा माडियात गोष्ट रंगवून सांगे, मात्र माडिया शब्दाचाही पहिला ध्वनी त्याला सुटा काढता येईना. तेव्हा डिस्लेक्सियाचा विचार करणं भाग पडलं.

तो 'भ'ला 'म' म्हणे आणि 'ध'ला 'घ'. बाईंनी कुंभाराकडची मळलेली माती आणली. पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या करून त्याने पाटीवर आधी अक्षराचं अंग बसवायचं आणि शिरोरेषेची वळी शेवटी ठेवायची. 'म' आणि 'घ'वर ती सलग जाते. 'भ' आणि 'ध'वर डावीकडे तुटते. छापील पानावर ही फट डोळ्यांतून निसटते. इथे मात्र वळी तोडावी लागते, म्हणून हात थबकतो. त्या थबकण्याच्या क्षणी बाई त्याच्याकडून ध्वनी म्हणवून घेत, "भ". दोन्ही अक्षरं एकाच दिवशी कधीच नाहीत. 'भ' पक्का झाल्यावरच 'म'.

मग ताटात वाळूचा पातळ थर, किंचित ओलसर, कारण कोरड्या वाळूत रेघ बुजते. तर्जनी आणि मधलं बोट जोडून गिरवायचं, तोंडाने ध्वनी चालूच. ग्रेस फर्नाल्ड यांनी १९४३च्या पुस्तकात हेच मांडलं होतं: बोट फिरताना शब्द उच्चारायचा. मुकाट्याने गिरवणारं मूल चित्र काढत असतं. हे ओळखायला सोपं आहे. मध्येच विचारा, "काय काढतोस?" ते ताटाकडे बघत राहतं.

पहिल्या वेलांटीचा घोळ अंगणात सुटला. 'दि' बोलताना 'द' आधी, लिहिताना वेलांटी आधी. एक मुलगा 'द' होऊन उभा राही. सगळे 'द्' म्हणत टाळी वाजवत आणि 'इ' म्हणताच हा पोरगा वेलांटी होऊन धावत त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राही.

मीही या माती-वाळूवर भाळले होते, नाकारत नाही. पण बहुइंद्रिय पद्धतीवरच्या अभ्यासांचा २०२१मधला एक आढावा सांगतो, की तिचा ठोस फायदा आकडेवारीत सिद्ध झालेला नाही. बहुधा काम करतो तो क्रमाने शिकवलेला ध्वनी; माती मुलाला त्या ध्वनीपाशी टिकवून ठेवते. म्हणून अधिकारी आले की वाळूची ताटं मांडून फोटो काढणाऱ्या शाळांचा मला राग येतो.

पोरगा 'भ', 'म', 'ध', 'घ' आता चुकत नाही. 'भ्र' आला की अजून थांबतो. अपंगत्व हक्क कायदा, २०१६ने विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली आहे, पण या पोराची चाचणी घेतली गेली ती मराठीत.