एक Y आणि परदेशातलं शिक्षण

आमच्या पेपरात आतल्या पानावर रोज एक-दोन छोट्या जाहिराती असतात. "माझे नाव अमुक असे होते, यापुढे मी तमुक या नावाने ओळखला जाईन." गेल्या काही वर्षांत या जाहिरातींचं गिऱ्हाईक बदललंय. पूर्वी लग्न झालेल्या मुली किंवा आडनाव बदलणारी घरं यायची. आता इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी झालेली पोरं येतात, हातात फाईल आणि चेहऱ्यावर घाई. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बाहेर जायचंय सर, पासपोर्टवर नाव वेगळं आलंय."

जाहिरात घेतली की आमचं काम संपतं, त्यांचं नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्या घरात कुणी पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जायचा विचार करतंय त्यांनी शांतपणे वाचा. आमच्या ओळखीतल्या एका घराचं उदाहरण घेतो. वडील एसटीत कंडक्टर, मुलगी बीएस्सी झालेली, इंग्लंडला एमएस्सी करायची. नावं बदलली आहेत, घोळ तसाच ठेवलाय.

मुलीचं नाव वैष्णवी दत्तात्रय गायकवाड. मराठीत सगळीकडे एकच. इंग्रजीत बघा.

दहावीचं प्रमाणपत्र: GAIKWAD VAISHNAVI DATTATRAY
पदवीची गुणपत्रिका: GAIKWAD VAISHNAVI DATTATRAY MANGAL
आधार: Vaishnavi Dattatray Gayakwad
पॅन: VAISHNAVI DATTATRAY GAIKWAD
पासपोर्ट: आडनाव GAYAKWAD, नाव VAISHNAVI DATTATRAY
बँक: GAIKWAD V D

सहा कागद, पाच तऱ्हा. घरच्यांना वाटलं आता सगळंच बदलावं लागणार. तसं नसतं. यात खरी चूक एकच आहे, बाकीच्या निव्वळ लिहायच्या पद्धती आहेत. हा फरक कळला की निम्मी धावपळ वाचते.

आपल्याकडे दहावीचं बोर्ड आडनाव आधी छापतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टमध्ये दोनच रकाने असतात: एक आडनावाचा आणि दुसरा दिलेल्या नावाचा. वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात मुलीच्या नावामागे जातं. त्यामुळे क्रम वेगळा दिसतो, पण तो घोळ नाही. परदेशातल्या विद्यापीठांना हे पाठ झालेलं असतं. पदवीवर शेवटी आईचं नाव आलं, तेही विद्यापीठाच्या पद्धतीमुळे. त्यासाठी विद्यापीठाकडून खुलाशाचं एक पत्र घ्या, किंवा "या दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र जोडा. बँकेतली आद्याक्षरं मात्र फोडून पूर्ण नाव करून घ्यावं लागतं, पण ते केवायसी अर्ज भरून शाखेतच होतं.

क्रमाचा खरा धोका फॉर्म भरताना असतो. सायबर कॅफेतला पोरगा दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवतो आणि जसं दिसतं तसं टाइप करतो. पहिले दोन शब्द नावात, शेवटचा शब्द आडनावात. झालं, मुलीचं आडनाव "दत्तात्रय" होऊन बसतं. हे पासपोर्टच्या अर्जात झालं तर पुढे प्रत्येक कागदावर ती मिस दत्तात्रय. दुसरा प्रकार म्हणजे आडनावाचा रकाना मोकळा सोडून सगळं नाव एकाच रकान्यात कोंबणं. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मग ते अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी FNU लिहावं लागतं, म्हणजे "नाव माहीत नाही". पासपोर्टचा अर्ज पाठवायच्या आधी हे दोन रकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुकानदारावर सोडू नका.

आता खरी चूक. ती एका Y ची आहे. गायकवाड हे GAIKWAD असंही लिहितात आणि GAYAKWAD असंही. आधारची नोंदणी झाली तेव्हा इंग्रजी स्पेलिंग कुणी नीट तपासलं नाही. रांग मोठी, समोर पन्नास माणसं, कोण बघतो. बारावीत असताना पासपोर्ट काढला तेव्हा आधार दाखवलं आणि ते Y तिकडे गेलं. पॅन काढताना दहावीचा कागद दाखवला होता, म्हणून तिथे बरोबर आलं. आपल्या कागदांमध्ये घोळ होतो तो असा. प्रत्येक कागद कुठल्यातरी आधीच्या कागदावरून निघतो आणि त्याची चूक वारशात घेतो.

मग कुठला कागद खरा मानायचा? माझं मत स्पष्ट आहे: दहावीचा. कारण तो बदलायला सगळ्यात अवघड. आधार केंद्रात बदलतं, पॅन ऑनलाइन बदलतं, पासपोर्ट पुन्हा काढता येतो. दहावीच्या प्रमाणपत्रासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करून शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि मुळात रजिस्टरमध्ये बरोबर असून लिहिताना चूक झाली असेल तरच ते काम सोपं असतं. शिवाय बारावी, पदवी सगळं त्यावरूनच निघालेलं. म्हणून बाकीचे कागद दहावीकडे आणायचे.

इथेच लोक राजपत्राच्या मागे लागतात. कुणीतरी सांगतं, "गॅझेट करून टाका, सगळं मिटतं." राजपत्रात नाव बदललं की ते पुढच्यासाठी लागू होतं. जुन्या गुणपत्रिका त्याने आपोआप बदलत नाहीत. वैष्णवीने गॅझेट करून GAYAKWAD हे नाव घेतलं असतं तर पासपोर्ट वाचला असता, पण बीएस्सीपर्यंतचा प्रत्येक कागद जुन्या नावाचा राहिला असता आणि आयुष्यभर ते गॅझेट फाईलला लावून फिरावं लागलं असतं. एका अक्षराच्या स्पेलिंगसाठी एवढं करू नये. नाव खरोखर बदललंय त्यांच्यासाठी ती सोय आहे. आमच्या जाहिरातीचंही तेच. जाहिरात हा फक्त पुरावा, तिच्याने नाव बदलत नाही.

तिने काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण यात क्रमच महत्त्वाचा. आधी आधार. पॅनवर स्पेलिंग बरोबर होतं, तोच पुरावा दाखवून आधारमधलं आडनाव दुरुस्त केलं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावती हातात आल्यावर तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचायचं. तिने आडनावाबरोबर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही तपासलं, कारण Dattatray, Dattatraya, Dattatrey या तिन्ही तऱ्हा चालतात आणि ऑपरेटरला त्यातली कुठलीही सुचते.

मग बँकेत पूर्ण नाव. मग पासपोर्ट. चुकीचा पासपोर्ट खोडून दुरुस्त होत नाही, "वैयक्तिक माहितीत बदल" हे कारण देऊन नवीन काढावा लागतो. ३६ पानांच्या पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळ असेल तर वर २०००. दहावी, पॅन, नवं आधार असे सगळे कागद एका स्पेलिंगचे असतील तर काउंटरवर फार प्रश्न येत नाहीत. पण अधिकाऱ्याला ती दुरुस्ती नसून नावातला बदल वाटला, तर प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती मागतात. पोलीस पडताळणीही पुन्हा लागू शकते. तेवढा वेळ धरून चाला.

नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो. आणि म्हणूनच आयईएलटीएसची नोंदणी त्यानंतर. परीक्षेला ज्या पासपोर्टवर नोंदणी केली तोच दाखवावा लागतो आणि निकालावर तेच नाव छापून येतं. आधी परीक्षा, मग पासपोर्ट दुरुस्ती असं केलं की निकाल जुन्या स्पेलिंगचा, पासपोर्ट नव्या. इंग्लंडचं विद्यापीठ व्हिसासाठी जो कॅस क्रमांक देतं त्याच्या नोंदीतही पासपोर्टचं नाव आणि नंबर असतो. एजंट म्हणतात, "परीक्षा देऊन टाका, पासपोर्टचं नंतर बघू." त्यांचं काय जातंय.

मुलीचं नाव मिटलं, तेव्हा वडिलांचं निघालं. हा भाग फार कुणाच्या लक्षात येत नाही.

पैसे वडिलांच्या खात्यात होते. इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसाला पैसे सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात, आणि खातं आई-वडिलांचं असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. मुलीचा जन्म आजोळी, आईच्या माहेरच्या तालुक्याला. दवाखान्यात नाव सांगितलं मामांनी. दाखल्यावर वडिलांचं नाव "दत्तू भानुदास गायकवाड" आणि आईचं माहेरचं, सुनंदा. लग्नात बदललेलं नाव मंगल. आता हे तीन कागद इंग्लंडमधला माणूस टेबलावर ठेवणार आणि त्याला दत्तू आणि दत्तात्रय एकच हे कसं कळणार? आपल्याला गावात कुणी सांगावं लागत नाही, त्याला लागतं.

वडिलांचं नाव दुरुस्त करायलाच हवं होतं. त्यासाठी जिथे जन्माची नोंद आहे त्याच नगरपालिकेत जावं लागलं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची सोय आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद घेतात आणि तसा दाखला देतात. पुरावे आणि माहिती असलेल्या दोन माणसांचे जबाब लागतात. आईचं नाव मात्र आम्ही त्यांना सोडून द्यायला सांगितलं. पैसे आईच्या खात्यात नव्हतेच. पासपोर्टवरच्या मंगल या नावासाठी लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र फाईलला ठेवलं, बस. जे नाव कुठल्या पैशाला किंवा पदवीला जोडलेलं नाही त्याच्यामागे महिना घालवू नये. उलट कर्ज किंवा ठेव आईच्या नावावर असती, तर तीच दुरुस्ती पहिली करावी लागली असती.

जुना दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकार आपल्या सवयीने Gayakwad लिहून मोकळा होतो. त्याला पासपोर्टची झेरॉक्स आधीच द्या.

आधारच्या रांगेपासून नवा पासपोर्ट आणि दाखला हातात येईपर्यंत या घराचे साडेतीन महिने गेले. प्रवेश सप्टेंबरचा होता आणि त्यांनी जानेवारीत सुरुवात केली म्हणून जमलं.

१ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय केलाय: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण ही मुलं मोठी होतील तेव्हा पासपोर्टच्या एका रकान्यात तीन नावं बसवायची आहेत. दाखला काढतानाच इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून घ्या आणि तेच सगळीकडे चालवा.

आणि ज्यांचं मूल यंदा दहावीत आहे त्यांनी शाळेत जाऊन प्री-लिस्ट बघायला मागा. परीक्षेआधी बोर्डाकडून ती यादी शाळेत येते, मुलाचं आणि आईचं नाव त्यात इंग्रजीत छापलेलं असतं, आणि दुरुस्ती तेव्हा शाळेच्या पातळीवर होते. शाळा मुलांची सही घेते, मुलं न वाचता करतात.