चारशे घरं, पण नेमकी कोणती?

मी लकडगंजात राहतो. आमच्या भागातल्या लाकडाच्या टालीवर जुनं गिऱ्हाईक वरवरच्या चार फळ्या बघून सौदा करत नाही. थप्पीच्या मधली, खालची एखादी फळी ओढायला लावतं. कारण वर काय ठेवायचं, हे विकणाऱ्यानं ठरवलेलं असतं.

मागच्या वर्षी एका संस्थेसाठी सर्व्हेचं अ‍ॅप बनवताना हेच आठवत होतं. त्यांचा प्रश्न साधा होता: नागपूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न किती? बजेट चारशे घरांचं. माझं काम फॉर्म आणि डेटाबेस एवढंच, पण ‘ही चारशे घरं कुठली?’ हे कळल्याशिवाय पहिली स्क्रीनही बनेना.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं, म्हणजे सिंपल रँडम. जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकरी घराला निवडलं जाण्याची सारखीच संधी. कागदावर हे निर्दोष आहे. अडचण अशी, की त्यासाठी सगळ्या घरांची यादी लागते. सातबारा आहे ना, असं वाटेल. पण सातबारा जमिनीची नोंद आहे, चुलीची नाही. एकाच घरातले तीन भाऊ तीन खातेदार असतात, आणि बटईनं दुसऱ्याचं वावर कसणारा त्यात मालक म्हणून दिसतच नाही. वर चारशे चिठ्ठ्या शेकडो गावांत विखुरणार. एका घरासाठी एक दिवस आणि एक टाकी पेट्रोल.

दुसरी अडचण संत्र्याची. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा, मौदा-रामटेककडे पेंचच्या कालव्यावरचं धान, बाकी बराच भाग कापूस, सोयाबीन, तूर. हिशेबापुरतं धरू, की शंभरातली १५ घरं संत्र्याची आहेत. मग चारशेत ६० यायला हवीत. पण निव्वळ नशिबावर ती ४६ येऊ शकतात, ७४ही. संत्र्याचं घर बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त कमावत असेल, तर तेवढ्यानंच सरासरी हलते.

म्हणून स्तर पाडायचे: संत्रापट्टा वेगळा, बाकीचा वेगळा, आणि प्रत्येकातून किती घरं हे आधीच ठरवायचं. संस्थेला बागायतदारांबद्दल स्वतंत्र आकडाही हवा होता, म्हणून तिथून ६० ऐवजी १२० घरं घेतली. इथे वजनाचा मुद्दा येतो. समजा, संत्र्याच्या घराचं उत्पन्न ३ लाख आणि बाकीच्यांचं १ लाख. खरी सरासरी १ लाख ३० हजार. पण आपल्या नमुन्यात संत्र्याची घरं ३० टक्के झाली, त्यामुळे सरळ सरासरी काढली तर १ लाख ६० हजार येते. घरं खरी, उत्तरं खरी, आकडा खोटा. प्रत्येक घराच्या नोंदीत त्याचं वजन साठवणं हाच त्यावर इलाज.

राहिला प्रवासखर्च. त्यासाठी क्लस्टर: आधी गावं निवडायची, मग त्या गावातच घरांची ताजी यादी करून त्यातून काही घरं. यादीचाही प्रश्न सुटतो. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘मग वीसच गावं घेऊ या, प्रत्येकी वीस घरं.’’ पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. कालवा आला तर सगळ्यांना, गारपीट झाली तर सगळ्यांवर. विसावं घर फारसं नवीन काही सांगत नाही. हे मोजायचं सूत्र असं:

```
deff = 1 + (m - 1) * rho
```

`m` म्हणजे एका गावातली घरं, `rho` म्हणजे त्यांच्यातलं साम्य. `rho` ०.१ धरला तर वीस घरांना `deff` येतो २.९, म्हणजे चारशे घरांची किंमत साधारण १३८ विखुरलेल्या घरांएवढी. तीच चारशे घरं ५० गावांत आठ-आठ केली, तर १.७, किंमत २३५. शेवटी तेच ठरलं: संत्रापट्ट्यात १५ गावं, बाकी ३५.

सरकारी पाहणीचा सांगाडाही असाच असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीनं २०१९मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये काढलं, महाराष्ट्रात ११,४९२. तेही स्तर पाडून, गावं निवडून, गावात यादी करून, आणि त्याच घरांना वर्षात दोनदा भेटून.

आराखडा कितीही नेटका असला तरी तो गावात मोडू शकतो. कापूस वेचणीत दुपारी दारांना कुलपं असतात. सर्व्हेयर शेजारच्या उघड्या घरात शिरतो, आणि उघडं घर बहुधा दुकानदाराचं किंवा म्हाताऱ्यांचं असतं. हे पकडायला अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी ठेवल्या: निवडलेल्या घराचा क्रमांक बदलता येत नाही, आणि प्रत्येक फेरीची वेळ व लोकेशन नोंदलं जातं. एखाद्या गावातली आठही घरं डांबरी रस्त्यालगत दिसली, तर तिथे पुन्हा जायचं, तेही संध्याकाळी.

तेव्हापासून सर्व्हेची बातमी वाचली की ‘किती घरं?’ याआधी मी ‘किती गावं?’ शोधतो. बहुतेक बातम्यांत ते दिलेलंच नसतं.