शिफारसपत्रातील स्तुतीचे वजन

परभणीतील एका निवृत्त अरबी अध्यापकांकडे मदरशाच्या प्रमुखांनी दिलेले एक शिफारसपत्र इंग्रजी भाषांतरासाठी आले. विद्यार्थ्याला परदेशी शिष्यवृत्ती हवी होती. प्रारंभीच्या ओळीओळीत निवड समितीचा गौरव होता. तो त्यांनी एका ‘आदरणीय’वर आणला. आपल्या जुन्या पत्रांतील ‘राजमान्य राजश्री’ तरी कोण स्तुती म्हणून वाचतो?

पुढे मात्र हात आखडला. ‘मिन अफ़ज़लि तुल्लाबिना’ म्हणजे ‘आमच्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी’. घाईत ‘मिन’ गळला, की मुलगा एकदम सर्वश्रेष्ठ ठरतो. गुणपत्रिकेत शेरा होता ‘जय्यिद जिद्दन’. त्याच्या वर ‘मुमताज़’ असतो. म्हणून त्यांनी ‘पैकी’ राखले आणि शेरा ‘व्हेरी गुड’ असाच ठेवून श्रेणींचा क्रम शेजारी दिला.

खरी अडचण शेवटच्या वाक्याची होती: आम्ही त्याला असा समजतो, परंतु अल्लाहसमोर कोणाच्याही निर्मळपणाची ग्वाही देत नाही. हे हदीसमधून आलेले रूढ वचन आहे. मनापासून स्तुती करणाराच ते जोडतो. पण इंग्रजीत शब्दशः उतरले, तर शिफारस करणाराच साशंक आहे असे वाटावे. वगळावे, तर भाषांतर प्रमाणित करायचे होते. अखेर त्यांनी वाक्य पूर्ण ठेवले आणि खाली भाषांतरकाराची टीप जोडली: हे धार्मिक विनयाचे रूढ वचन असून पात्रतेविषयीची शंका नव्हे.

विद्यार्थ्याने ‘अतुलनीय’ हा शब्द सुचवला होता. मूळ पत्रात तो नव्हता.